चकत्या की नळ्या

मी मुळात आळशी आहे. एक काम दोन रीतींनी होत असेल तर मी आधी बसून घेते आणि कुठल्या रीतीत कमी उठबस आहे ते बघते. माझी आई याला कामचुकारपणा म्हणायची. पुढे मुंबईत बी.एस्‌सी.ला गणित घेतलं तेव्हा कळलं की तिथे या गुणाला मार्क मिळतात. त्यामुळे मी गणितातच राहिले.

लग्न होऊन चौलला आले ती पदवी घेऊनच. नवरा हायस्कुलात गणित शिकवायचा, पण तो इंटरपर्यंतच शिकलेला. वडील गेले, वाडी बघायला कोणी नव्हतं, म्हणून कॉलेज सोडून घरी आला आणि शाळेत लागला. बायको पदवीधर आणि नवरा नाही, याची गावात थोडी कुजबुज झाली. आम्हा दोघांना तिचं काही वाटलं नाही, किंवा वाटत नाही असं आम्ही धरून चाललो. मलाही त्याच शाळेत घेतलं. मी आठवी-नववीला शास्त्र शिकवायचे, तो अकरावीला बीजगणित आणि भूमिती.

अकरावी, म्हणजे तेव्हाची मॅट्रिक, शाळेतली शेवटची इयत्ता, हा त्याचा जीव होता. फळ्यावर कंपास न लावता वर्तुळ काढायचा, आणि मुलं उगाच दोरी घेऊन तपासायला यायची. तो तपासू द्यायचा. एखाद्या मुलाने प्रमेयाची पायरी गाळली तर ओरडायचा नाही, खडू त्याच्या हातात द्यायचा आणि स्वतः त्याच्या जागेवर जाऊन बसायचा. पायरी गाळलेली त्याला खपत नसे. वाट लांब असली तरी चालेल, पण प्रत्येक पावलाखाली जमीन पाहिजे, असं त्याचं होतं. माझा स्वभाव याच्या बरोबर उलटा, तरी आमचा संसार बरा चालला होता.

साठ सालच्या आसपासची गोष्ट असेल. संस्थेने ठरवलं की पुढच्या जूनपासून अकरावीचं गणित पदवीधर शिक्षकानेच शिकवायचं. हेडमास्तरांनी त्याला बोलावून सांगितलं, "सर, तुमच्याबद्दल तक्रार नाही. पण वरून तसं आलंय. मार्चमध्ये बी.ए. होऊन जा, म्हणजे प्रश्नच मिटला." शिक्षकांना त्या वेळी कॉलेजात न जाता बाहेरून बी.ए.ला बसता येत असे. त्याने गणित घेऊन फॉर्म भरलाच होता, आता मुदत पडली. पास झाला तर अकरावी त्याची. नाही झाला तर अकरावी दुसऱ्या पदवीधराची, आणि गणितातला दुसरा पदवीधर शाळेत एकच होता. मी.

हे आम्ही दोघांनीही बोलून दाखवलं नाही. जेवताना त्याने सांगितलं, "वरून आलंय म्हणे." मी म्हटलं, "मग अभ्यासाला लागा." एवढंच.

अभ्यास सकाळी शाळेआधी व्हायचा, ओटीवर चटई टाकून. बीजगणित, भूमिती यात मी त्याला काय शिकवणार? उलट त्यालाच जास्त येत होतं. माझं काम कलनशास्त्रात होतं, कारण कॉलेज सुटल्यावर त्याचं तेवढंच मागे राहिलं होतं. बराच भाग त्याने भराभर उचलला. अडलं ते एकाच ठिकाणी, घनफळात.

गणित साधं असतं. कागदावर एक वक्र रेषा काढायची. तिच्या आणि जमिनीच्या मधला भाग एखाद्या अक्षाभोवती गरगर फिरवायचा. फिरून जो गोल ठोकळा तयार होईल त्याचं घनफळ काढायचं. आमच्या सरावाला असंच एक गणित होतं. वक्र शून्यापासून उठून थोडा वर जातो आणि दोनवर परत जमिनीला येतो. लहानशी टेकडी. y बरोबर दोन x वजा x चा वर्ग. ही टेकडी उभ्या अक्षाभोवती फिरवली की काय होतं, हे मी त्याला वाडीत नेऊन दाखवलं. माडाच्या बुंध्याभोवती आळं करतात, मध्ये खळगा आणि भोवती मातीचा गोल बांध, तेच. प्रश्न इतकाच की त्या बांधात माती किती.

ती माती मोजायच्या दोन रीती आहेत. पहिली म्हणजे आडवं कापायचं. बांधाचे जमिनीशी समांतर पातळ काप घेतले की प्रत्येक काप म्हणजे मध्ये भोक असलेली चकती होते, सायकलच्या नटाखाली वायसर असतो तशी. बाहेरच्या वर्तुळातून आतलं वर्तुळ वजा करायचं, कापाच्या जाडीने गुणायचं आणि सगळे काप मिळवायचे. दुसरी रीत म्हणजे उभं सोलायचं. अक्षाभोवती एकात एक बसलेल्या पातळ नळ्या आहेत असं समजायचं. एक नळी उभी चिरून उलगडली की पत्रा होतो. लांबी नळीच्या घेराएवढी, म्हणजे दोन π x, उंची त्या जागी वक्राची जी असेल ती. गुणायचं आणि सगळ्या नळ्या मिळवायच्या.

दोन्हींचं उत्तर एकच येतं. कुठली घ्यायची हे फक्त सोयीवर असतं. वक्र कुठल्या बाजूने बांधलाय ते बघायचं. आपल्याकडे y दिलाय, x च्या भाषेत. उभ्या अक्षाभोवती फिरवताना चकती घेतली तर उलट विचारावं लागतं, अमुक उंचीवर बांधाची आतली कड कुठे आणि बाहेरची कुठे, म्हणजे y वरून x शोधत बसायचं. नळी घेतली तर दिलंय तसं वापरता येतं, काही उलटवावं लागत नाही. मी नळ्यांनी केलं. दोनदा π, कंसात एक सोपं पद, आठ π भागिले तीन. तीन ओळी.

त्याने वही ओढून घेतली आणि माझ्या दुसऱ्या ओळीवर बोट ठेवलं.

"हे चूक आहे."

"उत्तर बरोबर आहे."

"उत्तराचं सोड. नळी उलगडली की पत्रा होतो म्हणतेस. बाहेरचा घेर आतल्या घेरापेक्षा मोठा. उलगडल्यावर एक बाजू लांब, एक आखूड. तो पत्रा चौकोनी कुठून झाला?"

आक्षेप बिनबुडाचा नव्हता. पहिल्या खेपेला हे विचारणारा विद्यार्थी मला पुढे फारसा भेटला नाही. मी त्याला मांडून दाखवलं. आतली त्रिज्या x, जाडी h. बाहेरचं वर्तुळ वजा आतलं वर्तुळ केलं तर दोन π x h येतं आणि वर उरतो π h वर्ग. h पातळ होत गेला की h वर्ग त्याच्याहून कितीतरी वेगाने नाहीसा होतो. सगळ्या नळ्यांचे हे उरलेले तुकडे एकत्र केले तरी हाताला काही लागत नाही. शिवाय, मी म्हटलं, तुमच्या चकतीची कड तरी सरळ कुठे आहे? बांधाचा उतार तिरका, म्हणजे चकतीची कडही तिरकीच. तीसुद्धा तुम्ही सरळ धरताच ना?

तो पेन्सिल घेऊन तेच गणित चकत्यांनी करायला बसला. y वरून x काढायला वर्गसमीकरण सोडवलं, आतली कड एक वजा वर्गमूळ, बाहेरची एक अधिक वर्गमूळ. दोन्हींचे वर्ग, वजाबाकी, मग वर्गमुळाचं संकलन. अर्धं पान. आठ π भागिले तीन.

"आलं," तो म्हणाला.

"आलंच असतं. पण माझ्या तीन ओळी झाल्या होत्या."

"मला घाई नाही."

"परीक्षेला असते. हे वर्गसमीकरण होतं म्हणून सुटलं. घन आलं तर?"

"आलं तर बघू."

मला या 'बघू'चा फार राग यायचा. पण सकाळची वेळ, शाळा गाठायची होती, म्हणून उठले.

एकदा केळ कापायची होती. घड उतरवलेल्या केळीचं खोड वाडीत उभंच होतं आणि गडी कोयता घेऊन आला होता. मी त्याला थांबवलं आणि नवऱ्याला हाक मारली. म्हटलं, आता डोळ्यांनी बघा. गड्याला सांगितलं, वरचा भाग आडवा काप. त्याने दोन-चार गोल चकत्या पाडल्या. मग सांगितलं, खालच्या भागाची सोपटं एकेक करून सोल. तो सोलायला लागला. एकात एक बसलेली सोपटं बाहेर आली, आतली अरुंद, बाहेरची रुंद. मी एक सोपट जमिनीवर चापून पसरलं. म्हटलं, हा घ्या पत्रा.

नवरा खाली बसून नीट बघत होता. ते सोपट उचलून त्याने उजेडात धरलं. म्हणाला, "याच्या आत पोकळ्या आहेत. हवा मोजतेस तू."

गड्याचा धीर सुटला. "बाई, कापायची हाय का सोलायची, काय ते एकदा सांगा. मला माडांना पानी लावायचं हाय."

"काप," मी म्हटलं आणि घरात गेले. खरं तर हसू येत होतं, पण नवऱ्यासमोर हसायचं नव्हतं.

त्याला नळ्या येत नव्हत्या असं मात्र कोणी समजू नये. मी करायला लावलं की तो करायचा, आणि चुकायचा नाही. पण त्या गणिताखाली रेघ मारून तेच पुन्हा चकत्यांनी करायचा, आणि ते केल्याशिवाय पान उलटायचा नाही. एकदा आडव्या अक्षाभोवती फिरवायचं गणित आलं. y चा वर्ग बरोबर x, शून्यापासून चारपर्यंत. मी एका ओळीत चकत्यांनी आठ π लिहून मोकळी झाले. तो बघतच राहिला.

"आता का नाही तुझी नळी?"

"इथे चकती स्वस्त पडते. y वर्ग आयताच हातात आहे. माझं काही नळीशी लग्न लागलेलं नाही."

"म्हणजे तुला कुठलीही चालते."

"जी कमी त्रास देईल ती."

त्याने मान हलवली. मला वाटलं पटलं. नंतर कळलं, त्याच्या लेखी हा माझा दोष होता.

मार्चमध्ये परीक्षेसाठी तो मुंबईला गेला, मावसभावाकडे उतरला. पेपर संपवून मांडव्याच्या लाँचने परत आला आणि तिथून मोटारीने चौलला. मी ओटीवर तांदूळ निवडत होते. तो आला, पाय धुतले, पाणी प्याला आणि माझ्यासमोर बसला. चेहरा खुललेला होता. इतका खुललेला मी तो फक्त अकरावीच्या वर्गात पाहिला होता.

"घन आलं," तो म्हणाला.

मी सूप बाजूला ठेवलं.

"y बरोबर x गुणिले, कंसात x वजा तीन, त्या कंसाचा वर्ग. शून्यापासून तीनपर्यंत. उभ्या अक्षाभोवती."

मी डोळे मिटले. x ने गुणायचं, कंस फोडायचा, तीन पदं, संकलन, तीन घालायचे. त्याचं पुढचं वाक्य यायच्या आत उत्तर माझ्याकडे होतं. एक्याऐंशी π भागिले पाच.

"बांध तसाच," तो सांगत होता. "पण आतून चढ उभा आणि बाहेरून उतार लांब. माथा एकवर, उंची चार. कुठल्याही उंचीवर कड काढायची तर घनसमीकरण. नेहमीच्या सूत्रात घातलं तर मधेच काल्पनिक संख्या येतात, उत्तरं तिन्ही खरी असून. मग मी x च्या जागी दोन अधिक दोन कोसाइन घातला. आणि काय सांगू, सगळं समीकरण तिप्पट कोनाच्या सूत्रात जाऊन बसलं. आतली कड आणि बाहेरची कड एकाच कोनावरून निघाली, एकीला एकशेवीस अंश मिळवायचे, दुसरीला वजा करायचे. वजाबाकी केली तर नुसता साइन उरला."

तांदळात बोटाने तो कोन काढत होता. मी त्याच्याकडे बघत होते.

"उत्तर?" मी विचारलं.

"एक्याऐंशी π भागिले पाच."

"बरोबर आहे."

"मला माहीतच होतं."

"बाकीचे प्रश्न?"

त्याने तांदळातली खूण पुसली. "निम्म्याहून जास्त वेळ त्यातच गेला," तो म्हणाला. "एक प्रश्न पुरा झाला. एक अर्धा. पुढचे राहिले."

मी सूप उचललं आणि निवडायला लागले. माझ्या चार ओळी झाल्या असत्या, हे त्याला ठाऊक होतं. मला ठाऊक आहे हेही त्याला ठाऊक होतं. मला संताप आला होता. समोर सरळ रस्ता असून माणूस डोंगरावरून गेला, वर पोचला, आणि तिथे बसून राहिला. त्या माणसाच्या तोंडावरचा आनंद मात्र अजून पूर्ण गेला नव्हता. त्यानेच मला जास्त राग आला.

निकाल लागला. बाकी सगळ्या पेपरांत पास, त्या एका पेपरात नापास, म्हणजे परीक्षेत नापास.

जूनमध्ये हेडमास्तरांनी आम्हा दोघांना एकत्र बोलावलं. एकत्र बोलावलं हे त्यांनी चांगल्या मनानेच केलं असेल. म्हणाले, "बाई, यंदा अकरावीचं गणित तुमच्याकडे. सर, तुम्ही पाचवी-सहावी घ्या. पुढच्या वर्षी बघू." नवरा "हो" म्हणाला.

मी नाही म्हणायला हवं होतं का, असं पुढे काहींनी मला विचारलं. मी नाही म्हटलं असतं तर बाहेरून कोणीतरी आणला असता आणि वर्ग कायमचा गेला असता. माझ्याकडे असला तर निदान घरात होता.

शिक्षकांच्या खोलीत त्याने फळ्याचा लाकडी कंपास माझ्यासमोर ठेवला. "याचा स्क्रू ढिला आहे," तो म्हणाला. "वर्तुळ काढताना पाय फाकतो. कागदाची घडी घालून वापर." स्वतःला कंपास लागत नसताना त्याने तो इतकी वर्षं मुलांसाठी सांभाळला होता.

पहिल्या दिवशी वर्गात गेले तर मुलं उभी राहिली आणि दाराकडे बघत राहिली, माझ्या मागून तो येईल असं वाटून. मी सांगितलं, आता मीच. एकाने विचारलं, "बाई, सर आजारी आहेत का?" मी म्हटलं, "नाही. पुस्तक काढा."

माझी शिकवण्याची रीत त्यांना आधी रुचली नाही. सर पायरी गाळू देत नाहीत हे त्यांनी वरच्या मुलांकडून ऐकलेलं होतं, मी दोन पायऱ्या एका ओळीत घ्यायचे. हळूहळू सवय झाली. एका प्रमेयाच्या दोन सिद्धता असतील तर आधी दोन्हींकडे बघा, कुठली आखूड ते ठरवा आणि मगच पेन्सिल उचला, हे मी त्यांना शिकवलं. पुढे त्यात मजा येऊ लागली. मुलांना आली आणि मलाही आली. शेजारच्या खोलीतून पाचवीचे पाढे ऐकू यायचे. त्यात त्याचा आवाज असायचा, तसाच शांत. पाढे चुकले की तो मुलाच्या हातात खडू देत असणार.

त्या वर्षी त्याने माझ्याबरोबर अभ्यास केला नाही. सकाळी वही घेऊन वाडीत जायचा, विहिरीच्या कठड्यावर बसायचा. मी चहा नेऊन ठेवायचे आणि परत यायचे. वहीत डोकावले नाही. घरात आम्ही भाजीबद्दल बोलायचो, नारळांबद्दल बोलायचो, शाळेबद्दल फार नाही. भांडण नव्हतं. पण पाटावर बसलेल्या दोन माणसांच्या मधे काहीतरी तिसरं बसलंय, असं वाटायचं.

मार्च आला, तो गेला, परत आला. "बरा गेला," एवढंच म्हणाला. मी विचारलं नाही, त्याने सांगितलं नाही. निकालात पास झाला. दुसऱ्या वर्गात नाही, साध्या पासात, पण झाला. हेडमास्तरांनी पेढे मागवले आणि जूनपासून अकरावी त्याला परत दिली.

मला आनंद झाला, तो खरा होता. पण त्यात एक बारीकसं काहीतरी टोचत होतं, आणि ते काय हे ओळखायला वेळ लागला नाही. मला ती अकरावी आवडायला लागली होती.

शाळा सुरू व्हायच्या आदल्या दिवशी मी कंपास त्याच्यासमोर ठेवला. त्याने उघडून बघितला. कागदाची घडी नव्हती. पाय घट्ट होते.

"काय केलंस याला?"

"सायकलवाल्याकडून वायसर घालून घेतला."

तो हसला. वर्षभरात पहिल्यांदा मनापासून हसला असं मला वाटलं. कंपास उघडत आणि मिटत थोडा वेळ बसला. मग आपणहून म्हणाला, "यंदाही उभ्या अक्षाचं आलं होतं."

मी थांबले.

"नळ्यांनी केलं. पाच ओळी लागल्या. उरलेल्या वेळात सगळे प्रश्न झाले."

"म्हणजे शेवटी पटलं तर."

"पटलं तर तेव्हाच होतं. h वर्गाचं सांगितलंस त्याच सकाळी."

मला आधी नीट ऐकू आलं नाही असंच वाटलं. म्हटलं, "मग गेल्या वर्षी का नाही केलं?"

तो कंपासकडे बघत होता. "ते तुझं होतं," तो म्हणाला. "वर्गात उभं राहायचं ते माझ्या बळावर राहायचं, असं डोक्यात होतं. तुझ्या रीतीने पास झालो असतो तर ती अकरावी मला तू दिलेली असती. मग पाचवीत वर्ष काढलं. तिथे कळलं, मुलांना काही फरक पडत नाही वर्ग कोणी दिला त्याने. अकरावी परत हवी होती, म्हणून तुझ्या नळ्या घेतल्या."

मी आत गेले आणि चुलीवर भात चढवला. आधी रागच आला. 'तुझं' या एका शब्दापायी माणसाने वर्ष घालवलं, आणि माझंही घालवलं. मग राग उतरत गेला. कारण मी त्याच्या जागी असते तर मीसुद्धा त्याची रीत घेतली असती का, हे मला सांगता येईना. मला ज्या गोष्टी सोप्या वाटायच्या त्यात दुसऱ्याची रीत घेणं मी धरलेलंच नव्हतं.

भाताला कढ येईपर्यंत काही करायचं नव्हतं. उगीच ते गेल्या वर्षीचं घन मनात आलं. x गुणिले x वजा तीनचा वर्ग. चकत्यांनी. मी कधी करून बघितलंच नव्हतं. चार ओळींत होत असताना कशाला बघायचं? दोन अधिक दोन कोसाइन घातला, तिप्पट कोनापर्यंत आले. पुढे आतली कड कुठली आणि बाहेरची कुठली, यात अडकले. पुन्हा पहिल्यापासून केलं, पुन्हा तिथेच अडकले.

भात उतरवला, हात पुसले आणि ओटीवर गेले.

"अहो," मी म्हटलं, "ते एकशेवीस अंश कुठे मिळवायचे आणि कुठे वजा करायचे?"

त्याने वर बघितलं. मग कंपासातला खडू काढून घेतला, चटईवर थोडा सरकला आणि तो खडू माझ्या हातात दिला.